पिनयिनमधला b म्हणजे ब नाही: मराठी माणसाने चिनी व्यंजनं कशी पकडायची

चायनीज शिकायला लागले तेव्हा तिसऱ्या का चौथ्या आठवड्यात आमच्या लाओशींनी, म्हणजे बाईंनी, एक चित्र दाखवलं. झुडपामागून ससा पळतोय. वाक्य करा म्हणाल्या. मला शब्द सगळे येत होते, tùzi म्हणजे ससा, pǎo म्हणजे पळणं, शेवटी le लावलं की झालं. मी अगदी स्वच्छ म्हटलं, "तूत्स पाओ ल". बाईंनी चित्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि चिनीत विचारलं की काय खाल्लंस? कारण त्यांना ऐकू आलं होतं "पोट भरलं".

चूक टोनची, म्हणजे आवाजाच्या चढउताराची, नव्हती. dùzi bǎo le म्हणजे पोट भरलं आणि tùzi pǎo le म्हणजे ससा पळाला, दोन्हींचे टोन एकसारखे, स्वर एकसारखे, फरक फक्त दोन ठिकाणी, d की t आणि b की p. चीनमध्येही परदेशी विद्यार्थ्यांना ही जोडी मुद्दाम शिकवतात. मला हे समजायला जवळपास सहा महिने लागले, आणि समजल्यावर सगळ्यात जास्त वाईट याचं वाटलं की उत्तर पहिलीच्या अंकलिपीत होतं. म्हणून हे सगळं क्रमाने लिहितेय. पुण्यात हल्ली चाकणच्या कंपन्यांसाठी म्हणा किंवा आवड म्हणून म्हणा बरेच जण चायनीज सुरू करतात आणि बहुतेक सगळे याच जागी अडखळतात.

सुरू करण्याआधी काय लागेल

फार काही नाही. टिश्यू पेपरची दोन बोटं रुंद पट्टी, फोनचा रेकॉर्डर, कानात घालायचे हेडफोन आणि शक्य असेल तर कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी, ते फुकट मिळतं. एक वही. आणि ज्याची मातृभाषा चिनी आहे अशा माणसाच्या आवाजातलं रेकॉर्डिंग, तुमच्या पुस्तकासोबत आलेलं असेल तेच पुरे. सराव करताना पंखा बंद ठेवा, नाहीतर पट्टी त्याच्याच वाऱ्याने हलते आणि आपल्याला वाटतं जमलं.

1. वर्गातली पहिली दोन अक्षरं घ्या, पुढची दोन बाजूला ठेवा

प फ ब भ. शाळेत शिकलोय, पहिली दोन कठोर, पुढची दोन मृदू, आणि दुसरं नि चौथं महाप्राण, म्हणजे सोबत हवेचा झोत येणारं, तर पहिलं नि तिसरं अल्पप्राण, झोत नसलेलं. मृदू म्हणजे काय तर ते बोलताना घसा थरथरतो. घशावर बोट ठेवून सावकाश "ब" म्हणा, ओठ उघडायच्या आधीच आत गुणगुण सुरू झालेली जाणवेल. "प" म्हणताना ओठ उघडेपर्यंत घसा गप्प असतो.

मँडरिनमध्ये ब-भ हा मृदू भागच नाही. फक्त प आणि फ आहेत, त आणि थ आहेत, क आणि ख आहेत. मग 1958 मध्ये पिनयिन, म्हणजे चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहायची पद्धत, ठरवली तेव्हा रोमन लिपीतली b, d, g ही अक्षरं रिकामीच होती, ती अल्पप्राणाला दिली आणि p, t, k महाप्राणाला. चिनी माणसासाठी ही सोय उत्तम आहे. आपण मात्र b दिसला की ब वाचतो आणि p दिसला की प, आणि सगळं एक घर सरकतं.

तर पहिल्या दिवशी वहीच्या पहिल्या पानावर हे लिहा:

b = प, p = फ
d = त, t = थ
g = क, k = ख
j = चिवड्यातला च, q = छत्रीतला छ
z = चटणीतला च, c = बनवावा लागेल
zh आणि ch = दोन्ही बनवावे लागतील

बारा आवाज आहेत, त्यातले नऊ तुमच्या तोंडात जन्मापासून आहेत. इंग्रजीवरून शिकणाऱ्या माणसाला प आणि फ हे दोन वेगळे आवाज आहेत हेच आधी पटवून द्यावं लागतं. आपल्याकडे पळ आणि फळ, ताट आणि थाट, कार आणि खार हे शब्दच वेगळे आहेत, आपला कान ही तफावत लहानपणापासून ऐकतो.

एक गोष्ट इथेच सांगते कारण यात सगळेच अडकतात. त आणि थ म्हणजे त आणि थच, ट आणि ठ नाही. इंग्रजी t ला ट म्हणायची आपली सवय इतकी पक्की आहे की d दिसला की तोंडातून ड येतो. चिनी d बोलताना जीभ दातांजवळ असते, ती टाळूकडे वळवायची नाही.

2. दोन चुकांपैकी कुठली जास्त महाग पडते ते समजून घ्या

b ला ब म्हटलंत तर समोरच्याला कळतं. उच्चार परदेशी वाटतो, पण त्याचा कान बघतो एवढंच की हवेचा झोत आला का नाही, ब मध्ये झोत नाही म्हणून तो त्याला b च समजतो. p ला प म्हटलंत तर मात्र शब्द बदलतो, कारण तुमचा प हा त्याच्यासाठी हुबेहूब b आहे. माझ्या सशाचं पोट झालं ते असं. pà म्हणजे घाबरणं, ते "पा" असं म्हटलंत की bà, म्हणजे बाबा झाले. kǒu म्हणजे तोंड, ते "कोउ" म्हटलंत की कुत्रा. qī म्हणजे सात, "ची" म्हटलंत की कोंबडी.

म्हणून सुरुवात महाप्राणापासून करा. आधी फ, थ, ख, छ पक्के करा, b-d-g मधली गुणगुण नंतर काढली तरी चालेल.

3. फ चा एफ होऊ देऊ नका

पुण्यात, विशेषतः आपल्या पिढीत, ही मोठी अडचण आहे. फळ, फूल, फार हे शब्द किती जण दोन्ही ओठ मिटून म्हणतात ते एकदा घरात ऐका. बरेच जण वरचे दात खालच्या ओठावर टेकवून, इंग्रजी फॅनमधल्या फ सारखं म्हणतात. मराठीत त्याने काही बिघडत नाही, पण मँडरिनमध्ये f वेगळा आहे आणि p वेगळा. fēi म्हणजे उडणं, pēi म्हटलं की दुसराच शब्द.

आरशासमोर उभं राहून "प" म्हणा, ओठ मिटलेले दिसतील. तसेच ओठ मिटून, तसेच उघडून, पण काच पुसायच्या आधी तिच्यावर हाः करतो तशी हवा मागून सोडा. तो खरा फ. घरात आजी असेल तर तिला "फोडणी" म्हणायला सांगा, माझ्या आजीचा फ शंभर टक्के चिनी p होता.

आता टिश्यूची पट्टी वरून धरून ओठांपासून चार बोटांवर लोंबती ठेवा. "पा" म्हटल्यावर ती जवळपास स्थिर राहिली पाहिजे, "फा" म्हटल्यावर एकदम उडाली पाहिजे. "था" ला उडते पण थोडी कमी. "खा" ला पट्टीवर फारसा विश्वास ठेवू नका, हवा घशाजवळून येते आणि पसरते, त्यासाठी तळवा तोंडासमोर धरा, ऊब कळते. आणि पट्टी फ ला सावकाश, एकसारखी तिरकी होत असेल तर तुम्ही अजून दात लावताय, ओठ मिटून उघडले की ती झटक्याने उडते.

4. j-q आणि z-c: दोन च

इथे मराठीचा खरा फायदा आहे, आणि हिंदी भाषिकांना तो नाही. आपल्याकडे च दोन आहेत, लिहितो एकसारखे पण बोलतो वेगळे. चहा, चिवडा, चार यातला एक आणि चटणी, चोर, चूल यातला दुसरा. "चार" आणि गुरांचा "चारा" पाठोपाठ म्हणून बघा, जीभ जागा बदलते. चहातला च म्हणजे j, चटणीतला च म्हणजे z. zǎo म्हणजे लवकर किंवा सकाळ, ते सरळ "चाओ" म्हणायचं, चोरातला च घेऊन.

z ला मराठी ज किंवा इंग्रजी झी करू नका, तिथे गुणगुण येते. माओंचं नाव जुन्या मराठी पेपरात "माओ त्से तुंग" असं छापायचे, व्यंजनांच्या बाबतीत ते अगदी बरोबर आहे, त्से आणि तुंग, दोन्ही अल्पप्राण. हल्लीचं "झेडाँग" पिनयिनची अक्षरं इंग्रजीसारखी वाचून आलंय.

q साठी छत्री, छान यातला छ घ्या, ओठ किंचित हसल्यासारखे. झालं.

राहिला c. चटणीतल्या च ला महाप्राण जोडीदार मराठीत नाही, छ फक्त चहातल्या च चा आहे. पण तो आवाज दोन शब्दांच्या सांध्यावर आपण रोज काढतो. "पाच हात" हे भरभर म्हणा. पाचहात. पाच्हात. "पाच" मधला च चटणीतला आहे आणि लगेच ह येतोय. आता "पा" मनातल्या मनात म्हणा आणि फक्त "च्हात" मोठ्याने. मग शेवटचा त काढून "च्हा", आणि तिथून cǎo म्हणजे गवत, "च्हाओ". zǎo आणि cǎo आळीपाळीने दहा वेळा, पट्टी एकदा गप्प, एकदा उडती.

यात एक सापळा आहे. मराठी ह हा स्वतः थरथरणारा आहे, घशावर बोट ठेवून "हात" म्हणा, कळेल. त्यामुळे "च्हा" म्हणता म्हणता ते झाडातल्या झ कडे सरकतं. बोटाला थरथर लागली की थांबा आणि ह च्या जागी पुन्हा काचेवरचा हाः टाका, नुसती हवा. मला c यायला दोन आठवडे लागले आणि त्यातला बराच वेळ या झ ला हुसकण्यातच गेला.

5. zh आणि ch: ट च्या जागेवरून

zh ला झ म्हणू नका, ही बहुतेक सगळ्यात जास्त होणारी चूक आहे, अक्षरंच तशी दिसतात. जुन्या मराठीतलं "चौ एन लाय" हे आजच्या "झोऊ" पेक्षा मूळच्या Zhōu च्या जास्त जवळ आहे, कारण त्यात निदान घसा गप्प आहे.

बनवायचं असं. "ट" म्हणायला जीभ वर न्या आणि तिथेच थांबवा. आता एकदम न सोडता षटकोनातल्या ष मध्ये घसरू द्या, ट्ष. आपण आज ष आणि श सारखेच म्हणतो, इथे मात्र जिभेचं टोक वरच राहिलं पाहिजे. तो zh. हेच करून मागून हवा सोडली की ch. zhī म्हणजे माहीत असणं आणि chī म्हणजे खाणं, ही सरावाची जोडी. जीभ खाली आली तर ते चिवड्यातला च आणि छ होतात, म्हणजे j आणि q, आणि मग chī म्हणजे खाणं याऐवजी qī म्हणजे सात ऐकू जातं.

6. दुसऱ्या अक्षरातला श्वास सांभाळा

हे कुठल्या पुस्तकात मिळालं नाही, रेकॉर्डिंग ऐकून ऐकून लक्षात आलं. शब्दाच्या सुरुवातीला आपण महाप्राण नीट म्हणतो, पण मधे आणि शेवटी गाळतो. हिंदीत हाथ, हाथी आहे, मराठीत हात, हत्ती झाले. लिहितो दूध, म्हणतो दूद. लिहितो वाघ, म्हणतो वाग. ही आपल्या भाषेची चाल आहे, ती चिनीत घेऊन जातो आणि कळतही नाही.

मँडरिनमध्ये दुसऱ्या अक्षरालाही पहिल्याइतकाच झोत लागतो. Pǔtōnghuà, म्हणजे प्रमाण चिनी भाषेचं नावच, "फू-थोंग-ह्वा" आहे. मी कित्येक दिवस "फू-तोंग" म्हणत होते. jīntiān म्हणजे आज, ते "चिन-थिएन". यावर उपाय एकच सापडला, उलटं शिकायचं. आधी फक्त "थोंग" दहा वेळा, पट्टी उडवत, मग "थोंग-ह्वा", आणि सगळ्यात शेवटी पुढे "फू" जोडायचं.

याच्या उलट बाजूलाही एक गोष्ट आहे, ती माहीत नसली की गोंधळ होतो. bàba म्हणजे बाबा, रेकॉर्डिंगमध्ये तुम्हाला "पा-ब" असं ऐकू येईल आणि वाटेल की मी तर b म्हणजे प लिहिलं होतं. कान बरोबर आहे. ज्या अक्षराला स्वतःचा टोन नसतो, हलकं म्हटलं जातं, तिथे अल्पप्राण व्यंजन दोन स्वरांच्या मधे सापडून मऊ होतं. ते आपोआप होतं, मुद्दाम करायला जाऊ नका. महाप्राण मात्र असा मऊ होऊन ब-द होत नाही.

7. आता ससा आणि पोट

दोन्ही वाक्यं मराठीत मांडून ठेवा:

dùzi bǎo le = तू-च्‌ पाओ ल (पोट भरलं)
tùzi pǎo le = थू-च्‌ फाओ ल (ससा पळाला)

zi चा च दोन्हीकडे चटणीतलाच, मागे स्वर जवळपास नाही, जिभेचा घुमणारा आवाज तसाच थोडा लांबवायचा. le मधला ल "लाडू" तला नाही, "लक्ष" मधला, तोही आखूड.

पहिलं वाक्य पट्टी न हलवता म्हणा. दुसऱ्यात पट्टी बरोबर दोनदा उडाली पाहिजे, थू ला आणि फाओ ला. एकदाच उडाली तर बघा कुठली राहिली, बहुतेक फाओची असेल, क्रमांक 6 मधलं कारण. मग फोनवर दोन्ही वाक्यं उलटसुलट क्रमाने दहा वेळा रेकॉर्ड करा, क्रम वहीत लिहा, आणि दुसऱ्या दिवशी वही न बघता ऐकून ओळखा. दहापैकी दोन-तीन जरी चुकले तरी चिनी माणूस त्याहून जास्त गोंधळेल, कारण तुम्हाला तुमचा आवाज ओळखीचा आहे.

8. डोळ्यांनी तपासायचं असेल तर

ऑडॅसिटीत "पा" आणि "फा" रेकॉर्ड करून चित्र मोठं करा. आधी एक बारीक उभी रेघ दिसेल, तो ओठ उघडल्याचा क्षण. पुढे सारख्या लाटा सुरू होतात, तो स्वर. प मध्ये रेघ आणि लाटा जवळजवळ चिकटलेल्या, मध्ये 10 ते 20 मिलिसेकंद. फ मध्ये त्या दोघांमध्ये गवतासारखा खरखरीत पट्टा, मँडरिन बोलणाऱ्याचा साधारण 100 मिलिसेकंदांच्या आसपास, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. माझा थ सुरुवातीला 50-60 वर यायचा, मला वाटायचं झालं, आणि बाईंना तो कधी d तर कधी t ऐकू यायचा. आपला थ मुळात बरोबरच आहे, जरा लांबवायचा एवढंच.

रेघेच्या आधीच छोट्या लाटा दिसल्या तर तुम्ही ब म्हणताय. हे मोजमाप प, त, क च्या ओळींसाठीच वापरा. च च्या ओळींमध्ये घर्षण मुळातच असतं त्यामुळे गवत दोन्हीकडे दिसतं, तिथे कान आणि पट्टी बऱ्या.

9. रोजच्या पेपरातली नावं दुरुस्त करा

हा सराव मला सगळ्यात आवडतो, चहा पिताना होतो. पेपरात चिनी नाव दिसलं की मूळ पिनयिन शोधायची आणि आपल्या अक्षरात पुन्हा लिहायचं. शी जिनपिंग हे Xí Jìnpíng, म्हणजे शी चिन-फिंग. बीजिंग हे Běijīng, पेइ-चिंग. तैपेई हे Táiběi, थाय-पेइ, पहिलं महाप्राण, दुसरं नाही. कुंग फू मधला क बरोबर आहे, कारण मूळ gōng, आणि फ हा तिथे खरंच दात लावून म्हणायचा f आहे.

सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांना चीनमध्ये Kē Dìhuá म्हणतात. k म्हणजे ख, d म्हणजे त. "ख-ती-ह्वा", पहिल्या ख मागे ओ नाही, थोडा लांबलेला अ. कोटणीसांचा क तिकडे ख झाला आणि ट चा त झाला. त्यांच्याबद्दल चिनी माणसाशी बोलायची वेळ आली आणि तुम्ही "के दिहुआ" म्हणालात तर त्याला थांबून विचार करावा लागेल, माझ्याबाबतीत तसं झालंय, "ख-ती-ह्वा" म्हटल्यावर लगेच ओळख पटली.

आणि आपलं गाव. चिनीत पुण्याला Pǔnà म्हणतात. p आहे, म्हणजे फूना. कुठून आलात असं विचारलं की आपण सवयीने "पूना" म्हणतो आणि ते त्यांच्या कानाला Bǔnà लागतं. दोन्ही ओठ मिटा, हवा सोडा, फू.